एकसष्टीला मेडिक्लेमचा हप्ता का उडी मारतो, आणि रिन्यूअलच्या दोन महिने आधी काय करायचं

रिन्यूअलची नोटीस हातात पडते, आकडा पाहून डोळे पांढरे होतात, आणि मग कंपनी बदलण्यासाठी धावपळ सुरू होते. बहुतेक अर्ज इथेच मार खातात, कारण नोटीस येईपर्यंत अर्जाची मुदत संपलेली असते. नोटिशीची वाट पाहायची नसते, हे एजंटही सांगत नाही आणि कंपनी तर नाहीच नाही.

हप्ता वाढायची मुख्य कारणं दोन. पहिलं म्हणजे कंपनीने सगळ्यांचेच दर वाढवले. दुसरं म्हणजे तुमचा वयोगट बदलला. कंपन्या ४६ ते ५०, ५१ ते ५५, ५६ ते ६०, ६१ ते ६५ असे टप्पे ठरवतात आणि टप्पा ओलांडला की हप्ता एकदम वरच्या पायरीवर जातो. काही योजनांत टप्पे नसतात, दर वर्षी थोडी थोडी वाढ होते. फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी असेल तर हिशेब घरातल्या सर्वात मोठ्या माणसाच्या वयाने होतो, त्यामुळे नवऱ्याला ६१ पूर्ण झाली की पंचावन्न वर्षांच्या बायकोच्या वाट्याचाही भार वाढतो. गेल्या वर्षी क्लेम केला म्हणून हप्ता वाढला, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. एकट्या माणसाच्या क्लेमवरून रिन्यूअलला हप्ता चढवायला किंवा रिन्यूअल नाकारायला परवानगी नाही. क्लेममुळे, बिनक्लेमच्या वर्षांत विम्याच्या रकमेत साठलेला बोनस कमी होऊ शकतो, ती गोष्ट वेगळी.

वयोगटाची वाढ अचानक नसते. पॉलिसी घेतली त्या दिवसापासून ती योजनेच्या माहितीपत्रकातल्या दरपत्रकात छापलेली असते. ते दरपत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यात स्वतःच्या ओळीखाली आणखी दोन ओळी वाचा, म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा अंदाज येतो.

तारखांचं गणित

वय मोजतात ते नव्या वर्षाची पॉलिसी सुरू होते त्या दिवशी पूर्ण झालेलं. वाढदिवस त्याच्या चार दिवस नंतर असेल तर जुना टप्पा आणखी एक वर्ष चालतो, चार दिवस आधी असेल तर नाही.

चिपळूणचं एक जोडपं धरा. नवऱ्याची जन्मतारीख २० ऑक्टोबर १९६५, बायको पंचावन्नची, २०१५ पासून दहा लाखांचा फ्लोटर. नवऱ्याला २०१९ पासून बीपी आहे आणि तो आता पॉलिसीत पूर्ण धरला जातो. रिन्यूअल १४ नोव्हेंबर २०२६ ला. त्या दिवशी ६१ पूर्ण झालेली असेल, म्हणजे टप्पा बदलला.

कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचं, तर पॉलिसीच्या अटींत साधारणपणे असं लिहिलेलं असतं: अर्ज रिन्यूअलच्या ६० दिवसांहून आधी नको आणि ४५ दिवसांहून उशिरा नको. इथे ही खिडकी १५ सप्टेंबरला उघडते आणि ३० सप्टेंबरला बंद होते. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे आरत्या, गौरी आणि विसर्जन यांतच पंधरवडा संपणार, आणि रिन्यूअलची नोटीस बऱ्याचदा त्यानंतर येणार. ऑक्टोबरमध्ये विचारायला गेलात की ‘पुढच्या वर्षी बघा’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून कागद ऑगस्टमध्येच गोळा करा.

अर्ज नव्या कंपनीकडे करायचा, जुनीकडे नाही. नवी कंपनी तब्येत तपासून नकार देऊ शकते, आणि साठीनंतर बीपी, शुगर किंवा अँजिओप्लास्टी असेल तर देतेही. तिची लेखी संमती येईपर्यंत जुनं रिन्यूअल सोडू नका. वर्षाचा हप्ता एकदम भरत असाल तर उशिरासाठी ३० दिवसांची सवलत असते, पण ती पॉलिसी तुटू नये म्हणून. त्या दिवसांत दवाखान्यात गेलात तर क्लेम मिळत नाही.

आणि पोर्ट केल्याने वय कमी होत नाही. नव्या कंपनीचा ६१ चा दर स्वस्त दिसला की लोक भुलतात आणि ६६ चा बघतच नाहीत. दोन्ही कंपन्यांचे ६१, ६६ आणि ७१ चे दर शेजारी मांडा, मगच ठरवा.

अडवणारे कागद

आधार, पॅन, फोटो, बँकेचा रद्द केलेला चेक, हे सगळ्यांकडे असतं. नसतात त्या जुन्या पॉलिसीच्या प्रती. चिपळूणसारख्या ठिकाणी २२ जुलै २०२१ च्या पुरात कित्येक घरांतले कागद गेले, ते कुणी परत काढलेच नाहीत. नवी कंपनी मागील वर्षांची ‘पॉलिसी शेड्यूल’ मागते, कारण त्यावरच पहिल्यांदा विमा कधी घेतला ती तारीख असते. थांबण्याची मुदत, म्हणजे सुरुवातीची जी वर्षं जुन्या आजारांचा क्लेम मिळत नाही ती, किती भरून झाली, हे त्या तारखेवरूनच ठरतं. ती सिद्ध झाली नाही तर अकरा वर्षं हप्ते भरूनही तुम्ही नवे ग्राहक ठरता. जुन्या कंपनीला ईमेल करा: ‘पहिल्या वर्षापासूनच्या सर्व शेड्यूलच्या प्रती, क्लेमचा तपशील आणि बोनसची रक्कम पाठवा.’ शाखेत तोंडी विचारून भागत नाही, आणि एजंटच्या ‘मी बघतो’वर तर अजिबात विसंबू नका. झालेल्या ॲडमिशनची डिस्चार्ज कार्डं सोबत जोडा.

दुसरी अडचण जन्मतारखेची. आपल्या पिढीत मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून लावलेले ढिगाने आहेत. आधारवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी, पॉलिसीत तिसरी असेल तर अर्ज अडकतो, कधी क्लेमच्या वेळी वयाचा फरक काढून हप्ताही मागतात. आधार आणि पॅन आधी एकसारखे करा, मग पॉलिसीत दुरुस्ती मागा. टप्पा चुकवायला वय कमी सांगू नका, क्लेम हातचा जाईल.

हप्ता कमी करायचे मार्ग, आणि त्यांतले खड्डे

पुढचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या दरपत्रकातले घालून बघा. आपल्या जोडप्याचा हप्ता ३८,००० वरून ४९,४०० होतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवर जीएसटी नाही, त्यामुळे वर काही लागत नाही.

सर्वात लोकप्रिय सल्ला असा: बेस, म्हणजे मूळ पॉलिसी पाच लाखांवर आणा, आणि वर पंधरा लाखांचं सुपर टॉप-अप घ्या, ज्यात पहिले पाच लाख बेसमधून किंवा खिशातून जायचे. बेस ३७,००० आणि सुपर टॉप-अप ८,५००, मिळून ४५,५००. हप्ता ३,९०० ने कमी आणि विमा वीस लाखांचा. कागदावर छान दिसतं.

पण सुपर टॉप-अप ही नवी पॉलिसी आहे. जुन्या आजारासाठी तिची थांबण्याची मुदत पहिल्यापासून सुरू होते, आणि ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. दुसऱ्याच वर्षी बीपीशी जोडलेला झटका आला आणि बिल आठ लाखांचं झालं, तर बेस पाच देईल, टॉप-अप नकार देईल, आणि तीन लाख घरातून जातील. जुन्या दहा लाखांच्या बेसमध्ये हे आठही लाख बसले असते. परत दहा लाख करतो म्हणालात तर वाढीव पाच लाखांसाठी नव्याने तपासणी आणि नवी मुदत. शिवाय बेस उतरवला की साठलेला बोनसही त्या प्रमाणात उतरतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सुपर टॉप-अप, त्याची मुदत संपल्यावर बेस कमी. काही सुपर टॉप-अपमध्ये ही मुदत एकाच वर्षाची असते, ते शोधा. एक वर्ष ८,५०० जास्त जातील, पण वर्षाला ३,९०० वाचले तर सव्वादोन वर्षांत ते भरून निघतात, आणि पुढच्या टप्प्यांवर फरक वाढण्याचीच शक्यता जास्त. खरं तर हे काम अठ्ठावन्नाव्या वर्षी करायचं, म्हणजे एकसष्टीला बेस बिनधास्त उतरवता येतो. ‘सुपर’ हा शब्द मात्र तपासा. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक ॲडमिशनचं बिल स्वतंत्रपणे पाच लाखांच्या वर जावं लागतं, सुपरमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात.

दुसरा मार्ग को-पेचा. २० टक्के स्वतः भरायचं मान्य केलं की समजा १५ टक्के सूट मिळते, म्हणजे ७,४१०. चार लाखांच्या एका अँजिओप्लास्टीत ८०,००० तुमचे जातात. ती सूट साठवून एवढे पैसे जमायला जवळपास अकरा वर्षं लागतील. हातात एफडी असेल आणि हप्ताच झेपत नसेल, तरच हे करा.

कोकणातल्यांसाठी आणखी एक मुद्दा, झोनचा. काही कंपन्या पत्त्यावरून दर ठरवतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातला दर मुंबईपेक्षा कमी असतो. पण मोठ्या ऑपरेशनला आपण जातो मुंबईलाच. अशा काही योजनांत खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलातला ठराविक टक्का कापतात. ती अट आहे का, किती टक्के आहे, आणि अपघातात लागू होते का, हे लेखी विचारा. उलट, मुलाचा बोरिवलीचा पत्ता पॉलिसीवर आणि राहणं गुहागरला, असे लोक विनाकारण मुंबईचा दर भरत बसतात.

दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला तर मधली दरवाढ लागत नाही आणि थोडी सूटही मिळते. मात्र दुसऱ्या वर्षी टप्पा बदलत असेल तर त्या वर्षाचा हप्ता नव्या वयाने धरलाय का, हे भरण्याआधी विचारून घ्या.

नोटिशीतला आकडा पटला नाही तर कंपनीला ईमेलवर फोड मागा: वयोगटामुळे किती, दरवाढीमुळे किती. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढला आहे की ६० आणि त्यापुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. फोड मागताना त्याचा उल्लेख करा. उत्तर गोलमोल आलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं, आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेत असलेल्या रुग्णालयांत होतात. मेडिक्लेम बंद करण्याआधी मात्र तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय त्या यादीत आहे का, आणि तुम्हाला लागणारं ऑपरेशन तिथे त्या योजनेत करतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारून या. कार्ड हातात नसताना जुनी पॉलिसी सोडू नका. पंच्याहत्तरीला नव्याने मेडिक्लेम मागायला गेलात तर मिळणं अवघड.