छायाचित्रातील ओटाबदल

छायाचित्रातील ओटाबदल : स्वयंपाकघराच्या फोटोत जुन्या ओट्याच्या जागी नवा दगड बसवून, नूतनीकरणानंतर ते घर कसे दिसेल याचे चित्र आधीच तयार करण्याची रीत. ट्रॉल्यांचे शटर किंवा वरची कपाटे बदलण्यासाठीही ती वापरतात. नाशिकमध्ये इंटिरिअरची कामे करणाऱ्यांकडे नेहमी मागणी असते ती काळा ग्रॅनाइट काढून पांढुरका क्वार्ट्झ दाखवण्याची, आणि नेमके हेच काम सर्वांत अवघड आहे. पुढील विवेचन त्याच कामापुरते आहे.

अडचण काळेपणात आहे. पांढऱ्या शटरवर नवा रंग चढवणे सोपे असते, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर सावल्या आणि उजेडाचा चढउतार फोटोत आधीच उमटलेला असतो. नवा लॅमिनेट त्यावर फोटोशॉपमधील Multiply पद्धतीने, म्हणजे दोन्ही चित्रांचा उजेड एकमेकांशी गुणून, ठेवला की सावल्या आपोआप खालून दिसू लागतात. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट मात्र अंगावर पडलेला बहुतेक उजेड गिळतो. फोटोत त्याच्यावर जे दिसते ते खिडकीचे, टाइल्सचे आणि नळाचे प्रतिबिंब असते. मिक्सरची सावली ओट्यावर कुठे पडली होती, हे त्या फोटोत जवळजवळ नोंदलेलेच नसते. म्हणून काळा भाग कापून तिथे क्वार्ट्झचे चित्र चिकटवले की ते हवेत तरंगल्यासारखे दिसते. ब्रशने अंदाजे सावल्या रंगवणारेही पुष्कळ आहेत, पण तो अंदाज क्वचितच जमतो.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे एकाच जागेवरून दोन फोटो काढणे. उदाहरणादाखल इंदिरानगरमधला एक टू बीएचके घेऊ. ओटा पूर्वेच्या भिंतीला, सरळ, आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. उंची सुमारे चौतीस इंच. सिंकच्या वर खिडकी. मोबाईल ट्रायपॉडवर ओट्यापासून साधारण दोन मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ठेवायचा. रुंद कोनाची ०.५ लेन्स घ्यायची नाही. तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि मग कोणताही दगड त्यांच्यावर नीट बसत नाही. ओटा रिकामा करून त्यावर फक्त एक पांढरा कप ठेवायचा. त्याचे काम पुढे येईल.

पहिला फोटो ग्रॅनाइटचा. दुसऱ्यासाठी ओट्यावर पांढरी, चकाकी नसलेली ड्रॉइंग शीट पसरायची. २२ बाय ३० इंचांची पूर्ण शीट आडवीउभी न फिरवता तिची तीस इंचांची बाजू ओट्याच्या रुंदीत घेतली, तर पाच शीटमध्ये आठ फूट झाकले जातात आणि पुढे उरलेले सहा इंच ओट्याच्या पट्टीवरून खाली दुमडता येतात. सिंक उघडेच ठेवायचे. चादर वापरू नये, तिच्या सुरकुत्यांच्या सावल्या नंतर दगडावर उमटतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स शीट पसरलेल्या अवस्थेत ठरवून, लॉक करून, दोन्ही फोटोंसाठी तेच ठेवायचे. लॉक केले नाही तर इतका पांढरा रंग पाहून मोबाईल सगळे चित्र काळवंडून टाकतो. श्रावणात ढग सरकत असताना दोन फोटोंच्या मध्ये उजेडच बदलतो, आणि ऑक्टोबरच्या सकाळी पूर्वेच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा हळूहळू सरकत राहतो. त्यामुळे दोन्ही फोटो लागोपाठ काढायला हवेत.

आता दोन फोटोंत दोन वेगळ्या गोष्टी हाती आल्या : कागदाच्या फोटोत ओट्यावर पडणारा उजेड, त्याच्या रंगछटेसह, ग्रॅनाइटच्या फोटोत निव्वळ चकाकी. क्वार्ट्झ आणि ग्रॅनाइट पॉलिश केल्यावर जवळपास सारखेच चमकतात, म्हणून जुनी चकाकी नव्या दगडाला चालते. ती किरकोळ नसते. वरून सरळ पाहिले तर असा दगड जेमतेम चार-पाच टक्के उजेड आरशासारखा परत देतो, पण वर सांगितलेल्या अंतरावरून आणि उंचीवरून नजर इतकी तिरकी पडते की हे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर जाते. खिडकीचे प्रतिबिंब वगळले की ओटा प्लास्टिकचा वाटतो, तो याच कारणाने.

दगडाचे सपाट चित्र खऱ्या मापात बनवणे ही पुढची पायरी. एक मिलिमीटरला एक पिक्सेल धरला तर हा ओटा २४४० बाय ६१० पिक्सेलचा होतो. स्लॅबचा फोटोही त्याच प्रमाणात लहानमोठा करून त्यातून हा तुकडा कापायचा. ही पायरी गाळून कॅटलॉगमधला चौकोनी नमुना तसाच ताणला, तर प्रत्यक्षात बोटाएवढी असलेली शीर हातभर रुंद दिसते आणि गिऱ्हाईक भलत्याच दगडाच्या प्रेमात पडते. तयार तुकड्याचे चार कोपरे ओट्याच्या चार कोपऱ्यांवर पर्स्पेक्टिव्ह टूलने बसवायचे. फोटोशॉपमधील Vanishing Point हे काम जाळी आखून करते. डॅडो टाइल्सचे आडवे सांधे आणि ओट्याची मागची कड पुढे वाढवल्या तर एकाच बिंदूकडे गेल्या पाहिजेत. पुढची पट्टी हा स्वतंत्र उभा पृष्ठभाग आहे. तिचा तुकडा वेगळा कापून वेगळा बसवावा लागतो. खिडकी समोरच्या भिंतीत असल्याने इथे ती वरच्या दगडापेक्षा गडद दिसते, आणि शीट दुमडलेली असल्याने तो गडदपणा कागदावर उतरलेला असतोच.

थर असे लागतात : सर्वांत खाली कागदाचा फोटो, त्यावर Multiply मध्ये दगड, त्यावर खालच्या चित्रात उजेडाची भर घालणाऱ्या Screen मध्ये ग्रॅनाइटच्या फोटोतला फक्त ओट्याचा भाग. वरच्या दोन्ही थरांतून कप, नळ आणि सिंक मास्क करून वगळायचे. कागदाचा फोटो तळाला ठेवण्याचा आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. पांढरा ओटा उजेड वर फेकतो, त्यामुळे डॅडो आणि वरच्या कपाटांचा तळ किंचित उजळतो. काळ्या ओट्याच्या फोटोत हा उजाळा नसतो, कागदाच्या फोटोत असतो.

तपासणीसाठी कप. त्याची आपल्याकडची उभी बाजू आणि ओट्याची पुढची पट्टी जवळपास सारख्याच उजेडात आहेत, तेव्हा पट्टीवरचा क्वार्ट्झ कपाच्या त्या बाजूपेक्षा उजळ दिसत असेल तर दगडाचे मूळ चित्रच जास्त पांढरे आहे. कॅटलॉगमधली चित्रे बहुधा अशीच उजळवलेली असतात. कपाचे प्रतिबिंब त्याच्या बुडाला टेकलेले नसेल, तर दोन फोटोंच्या मध्ये कप किंवा कॅमेरा हलला आहे.

ही युक्ती एकसारख्या काळ्या ग्रॅनाइटलाच लागू पडते. ठिपकेदार तपकिरी ग्रॅनाइटचा स्वतःचा रंग चकाकीत मिसळतो आणि Screen थरात पांढऱ्या दगडावर तपकिरी डाग येतात. नवा दगड लेदर फिनिशचा असेल तर प्रतिबिंब बरेच पुसट करावे लागते, आणि किती पुसट ते नमुन्याचा तुकडा त्याच खिडकीखाली ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. रात्रीच्या ट्यूबलाइटसाठी फोटोंची वेगळी जोडी काढावी लागते, कारण दिवसाच्या जोडीला निळसर करून रात्र होत नाही. सावल्याच दुसऱ्या बाजूला पडतात. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळद सांडली तर काय होईल हे या चित्रात दिसत नाही, आणि घरातल्या बाईंचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.