इतिवृत्त कायम करणं आणि ठराव मंजूर करणं: नव्या कार्यवाहांना पत्र

खानापूर

ताई,
स. न. वि. वि.

वाचनालयाची इतिवृत्ताची वही, आवक-जावक रजिस्टर आणि फायली सोबत देत आहे. वहीत पान 142 पर्यंत मजकूर आहे. त्याखाली रेघ ओढून तारीख घातली आहे. तिथे आपण दोघांनी सही करावी, म्हणजे कुठपर्यंत माझं आणि कुठून तुमचं, हे कायमचं स्पष्ट राहील.

मसुद्यांच्या फाईलमध्ये मागच्या सभेचं कच्चं इतिवृत्त आहे. ते पुढच्या सभेत वाचून कायम करायचं. इथेच घोटाळा होतो. अनेकांना वाटतं, इतिवृत्त कायम होईपर्यंत ठराव लागू नाही. तसं नसतं. ठराव मंजूर झाला तो त्याच सभेत, सूचक-अनुमोदकासह. इतिवृत्त कायम करताना सभा एवढंच म्हणते, की त्या दिवशी जे ठरलं तेच इथे उतरलं आहे. त्यामुळे नवे अध्यक्ष त्या सभेला नसले तरी कायम झाल्याची सही तेच करतील.

कपाटांचंच घ्या. मागच्या सभेत दोन लोखंडी कपाटांसाठी 18,000 रुपयांपर्यंत खर्च मंजूर झाला. आता कोणी म्हणेल, "भाव वाढलेत, वाचताना 22,000 करून टाका." तेव्हा एकच विचारा: त्या दिवशी काय ठरलं होतं? 18,000 ठरलं असेल, तर आकडा तसाच राहील आणि वाढीव रकमेचा विषय नव्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा लागेल. पण ठरलं 18,000 आणि माझ्या हातून 13,000 लिहिलं गेलं असेल, तर ती नोंदीतली चूक. ती सभेतच दुरुस्त करा: चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी अध्यक्षांची सही आणि तारीख. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच.

पहिल्या वर्षी मी असाच एक आकडा "सर्वांची संमती आहे" म्हणून बदलला होता. हिशेब तपासताना बिल आणि नोंद जुळेना, कारण बिलाच्या तारखेला वाढीव रक्कम कोणीच मंजूर केलेली नव्हती. ती गोष्ट मला अजून टोचते.

बँकेच्या सह्या बदलण्याचा ठराव मागच्याच सभेतला आहे. त्याची प्रत काढायला इतिवृत्त कायम होण्याची वाट पाहायची गरज नाही. प्रतीवर सभेची तारीख, ठराव क्रमांक आणि अध्यक्षांची सही घ्या. बँकेने कायम झालेली नोंदच मागितली, तर मात्र पुढच्या सभेपर्यंत थांबावं लागेल.

सोसायटी निबंधकांना पाठवायच्या पत्राचा कन्नड मसुदा निळ्या फाईलमध्ये आहे. मूळ ठराव मराठीत आहे, म्हणून आकडे आणि तारखा वहीशी ताडून मगच सही करा. कच्ची वहीही सोबत आहे. इतिवृत्त कायम होईपर्यंत ती टाकू नका, शंका आली तर तिच्यातच उत्तर सापडेल.

आपला,
मावळता कार्यवाह