कार्गो पँट गोदीतली नाही

“कार्गो पँट म्हणजे गोदीत माल चढवणाऱ्या कामगारांची पँट, नावातच आहे ना?”

नाही, ती लष्करातली आहे. 1930च्या दशकाअखेरीस ब्रिटिश सैन्याच्या ‘बॅटलड्रेस’ गणवेशात डाव्या मांडीवर समोर नकाशासाठी एक मोठा खिसा आला. 1942च्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या पँटला दोन्ही मांड्यांवर बाजूने फुगणारे खिसे होते, कारण उडी मारल्यावर रसद लगेच मिळेल याची खात्री नसे. पण भरलेला खिसा पळताना पायावर आपटतो. म्हणून 1944च्या फ्रान्समधल्या नॉर्मंडी मोहिमेच्या आधी अनेक पँटींना खिसा मांडीशी आवळायच्या नाड्या आणि गुडघ्यांवर कॅनव्हासची ठिगळं जोडली गेली. आजच्या पँटींवर लोंबणाऱ्या पट्ट्या पाहिल्या की त्या नाड्या आठवतात. बहुतेक पट्ट्या काहीच बांधत नाहीत.

युद्धानंतर लष्कराचा शिल्लक माल स्वस्तात विकला गेला आणि 1990च्या दशकात ही पँट स्केटबोर्ड आणि हिपहॉपवाल्या पोरांच्या अंगावर दिसू लागली.

खिसा कामाचा आहे का, ते कडेला बोट घालून कळतं. घडी उलगडली तर जाड वस्तू मावते. सपाट शिवलेल्या खिशात पाकीट घातलं की मांडीच ताणली जाते.

कामावर घालायचा जाड कापडाचा चोअर कोट आणि वर्क बूट मात्र खरोखर कामगारांचेच.