'मते वैयक्तिक' लिहिलं की सुटलो? खासगी पोस्ट आणि कार्यालयाच्या नावाने केलेलं विधान

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने 28 जुलै 2025 रोजी समाजमाध्यमांच्या वापराबद्दल परिपत्रक काढलं. तेव्हापासून आस्थापना शाखेत बसणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला जातो : "माझ्या स्वतःच्या अकाउंटवर लिहिलं तर काय बिघडतं? वर 'मते वैयक्तिक' असं लिहिलेलं आहे की!" या वाक्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. यात दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबलेले असतात.

परिपत्रकातला सोपा भाग बहुतेकांना पाठ आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळी ठेवायची. बंदी घातलेली ॲप वापरायची नाहीत. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम चालतं. रील्स आणि व्हिडिओ टाकताना पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय गाडी, इमारत टाळायची. सरकारी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून संथगतीने चालत येणाऱ्यांना एवढं वाक्य पुरेसं असावं, तरी ते पुरत नाही. हे नियम कंत्राटी, प्रतिनियुक्तीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, म्हणजे "मी कुठे पर्मनंट आहे" ही सबबही गेली.

गोंधळ होतो तो पुढे. पहिला प्रश्न : हे विधान कुणाच्या नावावर जमा होतं, तुमच्या की कार्यालयाच्या? दुसरा प्रश्न : तुमच्याच नावावर जमा झालं तरी, ते करण्याची तुम्हाला मुभा आहे का? 'मते वैयक्तिक' ही ओळ फार तर पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. दुसऱ्याला ती हातही लावत नाही. लोक मात्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतात.

उदाहरण म्हणून एक कृषी सहायक घेऊ. अवकाळी पावसाने त्याच्या भागातल्या कांद्याचं नुकसान झालंय, पंचनामे चालू आहेत. त्याच्या फेसबुकवर नाव स्वतःचं, फोटो घरचा, खाली 'मते वैयक्तिक'. आठवड्याभरात तो चार गोष्टी टाकतो.

पहिली : "रात्री गारा पडल्या, सकाळी शेतात पाय ठेववत नव्हता." हे गावातल्या कोणीही लिहिलं असतं. यात काहीच अडचण नाही.

दुसरी : "पंचनाम्यासाठी सातबारा आणि पासबुकची झेरॉक्स घेऊन शुक्रवारपर्यंत या." हेतू चांगला आणि माहितीही खरी असेल. तरीही चारांतली सर्वांत फसवी पोस्ट हीच. अकाउंट खासगी आहे, पण बोलतंय कार्यालय. शनिवारी कोणी शेतकरी स्क्रीनशॉट घेऊन तालुक्याला उभा राहिला की "ते माझं वैयक्तिक मत होतं" असं म्हणता येईल का? मुदतीबद्दल कोणाचं वैयक्तिक मत नसतं. शासकीय योजनांची माहिती प्राधिकृत व्यक्तीने, पूर्वमंजुरी घेऊन द्यायची, असं परिपत्रक सांगतं ते यासाठीच. त्याने करायचं ते एवढंच : कार्यालयाच्या अधिकृत अकाउंटवर सूचना येऊ द्यावी आणि तीच जशीच्या तशी पुढे पाठवावी. पदरची एक ओळही जोडू नये, कारण बहुतेक वेळा चूक त्या जोडलेल्या ओळीतच सापडते.

तिसरी : "एवढ्या नुकसानीला एवढीशी मदत? सरकारने थट्टा मांडली आहे." हे कोणीच कार्यालयाचं म्हणणं समजणार नाही. शंभर टक्के त्याचं स्वतःचं मत. आणि कारवाई होते ती नेमकी यावर. शासनाच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्याला वर्तणूक नियम आडवे येतात, आणि ही बंदी व्यक्तीवर असते, अकाउंटवर नाही. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला नववा नियम पाहा. स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने, यातलं काहीही त्यातून सुटत नाही. म्हणजे 'शेतकरीपुत्र' नावाचं बनावट अकाउंट उघडणाऱ्याने स्वतःची सोय केलेली नसते, उघडकीला येईपर्यंत वेळ काढलेला असतो. मग 'मते वैयक्तिक' लिहून त्याने काय साधलं? पोस्ट आपलीच असल्याची लेखी कबुली दिली.

त्याच नियमाची दुसरी बाजू कोणी वाचत नाही. कर्तव्याचा भाग म्हणून मांडलेलं मत या बंदीतून वगळलेलं आहे. हाच कृषी सहायक वरिष्ठांना दिलेल्या अहवालात "प्रस्तावित मदत आणि प्रत्यक्ष नुकसान यांत मोठी तफावत आहे" असं लिहू शकतो, आकडे जोडू शकतो. माझ्या मते त्याने ते लिहायलाच हवं. पण फाइलवर एक ओळ न लिहिणारी माणसं फेसबुकवर तीन परिच्छेद लिहितात, याचं मला नवल वाटत आलं आहे.

चौथी गोष्ट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घडते. कोणीतरी विचारतं, "दादा, माझं नाव यादीत आहे का?" दादा अजून मंजूर न झालेल्या यादीचा फोटो टाकतात. इथे खासगी की कार्यालयीन हा वादच नाही. पूर्वमंजुरीशिवाय कार्यालयीन कागद बाहेर देणं, मग तो पूर्ण असो वा अर्धा, दोन्ही बाजूंनी चूक आहे. "ग्रुप आपल्यातलाच होता" हे स्पष्टीकरण मी ऐकून घेतो, नोंदवून मात्र घेत नाही.

'आलंय तसं पुढे पाठवलं' ही आणखी एक लाडकी ढाल. मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका फौजदारी प्रकरणात, संदेश पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करणंच, असं म्हटलं. ते प्रकरण सेवानियमांचं नव्हतं. पण चौकशी अधिकाऱ्यापुढे ही ढाल किती टिकेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

म्हणून सरकारी माणसाने तोंडाला कुलूप लावायचं, असंही नाही. तो दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि काही साहेबांना तो फार सोयीचा पडतो. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये, एका महिला कर्मचाऱ्यावर फेसबुक पोस्ट आणि राजकीय सभेतली हजेरी यांवरून झालेल्या कारवाईत, सरकारी नोकर झाल्याने अभिव्यक्तीचा हक्क संपत नाही, नियमांनी घातलेल्या मर्यादेत तो राहतो, असं स्पष्ट केलं. कवितेवर, क्रिकेटवर, गल्लीतल्या कचऱ्यावर लिहिणाऱ्याला केवळ 'सरकारी माणूस' म्हणून नोटीस काढणारा अधिकारी परिपत्रकाला नसलेले दात लावत असतो. नोटीस देताना कोणता नियम, कोणती पोस्ट, त्यातलं नेमकं कोणतं वाक्य, हे लिहावं लागतं. ते लिहिता येत नसेल तर नोटीस काढू नये.

उलटा प्रकारही घडतो. कार्यालयीन अकाउंट ज्याच्या फोनवर उघडं असतं त्याला ते हळूहळू आपलं वाटू लागतं. मग त्यावरून साहेबांच्या वाढदिवसाचे केक झळकतात. यशस्वी योजनेच्या सांघिक कामाबद्दल लिहिता येतं, पण स्वयंप्रशंसा नको, अशी तंबी परिपत्रकात आहे. बदली झाली की हे अकाउंट रीतसर सोपवायचं असतं. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या असतात, पण पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर क्वचितच असतो. नंबर जुन्याच माणसाचा राहिला तर नव्या माणसाने पासवर्ड बदलूनही ओटीपी जातो जुन्याकडेच.