केटलबेल स्विंग

केटलबेल स्विंग हा खुब्यातून झटका देऊन करायचा व्यायाम. केटलबेल म्हणजे वर पकडायला मूठ असलेला लोखंडी गोळा. ती दोन्ही मांड्यांमधून मागं जाते, खुबा सरळ झाला की छातीपर्यंत झुलत येते आणि परत मागं जाते. लांबून बघणाऱ्याला ही बैठक वाटते नाहीतर हातानं वजन उचलणं, पण तसं नाही. कोल्हापुरात हा घोळ जरा जास्तच होतो कारण तालमीत वाढलेल्या पोरांच्या अंगात बैठका मुरलेल्या असतात, वजन घेऊन खाली जा म्हटलं की गुडघे आपोआप पुढं जातात नि बूड सरळ खाली बसतं.

केटलबेल मूळची रशियातली, 1704 च्या एका रशियन शब्दकोशात तिचा उल्लेख सापडतो असं बहुतेक लेखक सांगतात. ती व्यायामात नेमकी कधी आली यावर मतं वेगवेगळी आहेत, पण बाजारात धान्य तोलायच्या वजनातून आली हे मत जास्त पटतं, कारण तिची मापं पूदमध्ये धरतात आणि एक पूद म्हणजे साधारण 16.38 किलो, म्हणून तर आजही 16, 24, 32 हेच आकडे चालतात. रशियन स्पर्धांमध्ये स्विंग हा वेगळा प्रकार नसतो, तो स्नॅचचा, म्हणजे केटलबेल एका हातानं एका दमात डोक्यावर नेण्याचा, खालचा भाग म्हणून येतो. स्वतंत्र व्यायाम म्हणून त्याचा जगभर प्रसार झाला तो मुख्यतः 2000 नंतर, प्रशिक्षक पावेल त्सात्सुलिन यांच्या शिकवण्यातून.

आता हालचाल. केटलबेल पावलांच्या फूटभर पुढं ठेवायची, बूड मागं सारायचं, पाठ सरळ ठेवून धड पुढं झुकवायचं. गुडघे वाकतात, पण थोडेच, आणि नडगी जवळजवळ उभी राहते. केटलबेल मागं ओढली की मूठ गुडघ्यांच्या वरून जायला पाहिजे, इतकी वर की मनगटाजवळचा हात मांडीच्या आतल्या बाजूला टेकतो. तिथं कुल्ले आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि तेच जोरात आखडून खुबा पुढं आणतात. बैठकीत बूड खाली-वर होतं, इथं ते मागं-पुढं जातं, आणि सगळा फरक इथंच आहे, कारण केटलबेल पुढं झुलायची तर तिला पुढच्या दिशेनं ढकल मिळायला पाहिजे. गुडघ्यातून बसून उठलं तर जोर वर जातो, केटलबेल गुडघ्यांच्या खाली लोंबते आणि मग ती पुढं आणायला खांदे कामाला लागतात. म्हणजे हातानं उचलायची चूक बऱ्याचदा बैठकीच्या चुकीतूनच येते.

हाताचं काम फक्त दोराचं. 16 किलोची केटलबेल दोन्ही हात सरळ ठेवून, झोका न देता, सावकाश छातीपर्यंत आणून बघावी, भल्याभल्यांचे खांदे थरथरतात. तोच माणूस 24 किलोचे वीस स्विंग आरामात मारतो, मग हा जोर खांद्यातून आला असेल कसा?

ओळखायला सोपी चाचणी टॉवेलची आहे. मुठीतून टॉवेल आरपार घालायचा, त्याची दोन्ही टोकं केटलबेलजवळ धरायची आणि स्विंग मारायचा. खुबा काम करत असला तर वर जाताना हात, टॉवेल आणि केटलबेल एका रेषेत राहतात. हातानं ओढलं की टॉवेल वाकतो आणि केटलबेल खाली झुकते. खाली येताना उलटी चूक होते, केटलबेल अजून वरच असते तोवर माणूस वाकायला लागतो आणि मग ती कमरेला पुढं खेचते. दंड बरगड्यांना टेकेपर्यंत ताठ उभं राहायचं आणि मगच बूड मागं सारायचं.

गुडघे किती वाकवायचे यावर प्रशिक्षकांचं एकमत नाही. स्पर्धावाले गुडघे जास्त वापरतात आणि शरीर मागं झुकवून तोल सांभाळतात, ताकदवाले खुब्यावर भर देतात. डोक्यावर नेणारा अमेरिकन प्रकारही चालतो, पण खांदे पूर्ण वर जात नसतील तर कंबर मागं वाकते, त्यामुळं शिकताना छातीपर्यंतचाच बरा.

कमरेचं बोलायचं तर मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या 2012 च्या अभ्यासात 16 किलोच्या स्विंगमध्ये मणक्यावरचा सरकवणारा ताण नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट्या दिशेला आढळला. जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं, सहज करणाऱ्या काहींना स्विंगनं कंबर का दुखते, याचं कारण यात असावं असं त्यांनी सुचवलंय. अशा माणसानं नुसतं तंत्र सुधारून भागेलच असं नाही.

वजन फार हलकं घेऊनही फसगत होते. सुरुवातीला पुरुषांना 16 आणि बायकांना 8 ते 12 किलो सांगतात. धडधाकट गड्यानं 6 किलोची घेतली तर ती खांद्यानंच सहज वर जाते आणि चूक दिसतच नाही.