रुसलेलं माणूस नेमकं कोण? एका कवितेची पार्श्वभूमी

‘अजुनी रुसून आहे’ हे गाणं लागलं की नागपुरात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कवी अनिल घरी आले, बघतात तर पत्नी कुसुमावती निश्चल पडलेल्या. त्या क्षणी ही कविता सुचली. सांगणाऱ्याचे डोळे पाणावतात, ऐकणाऱ्याचेही. पण ही कविता कुसुमावती हयात असतानाची आहे. त्यांचं निधन झालं १९६१ मध्ये आणि कविता त्याच्या बऱ्याच वर्षं आधीची. ती मुळात साध्या रुसव्याची आहे.

मग मृत्यूची गोष्ट तिला चिकटली कशी? दोष लोकांचा नाही. कवितेनंच दार उघडं ठेवलं होतं. ‘रुसून आहे’ हे क्रियापद पाहा. ‘रुसली आहे’ म्हटलं असतं तर समोर बाई उभी राहिली असती. ‘रुसून आहे’मध्ये ना बाई, ना पुरुष, ना मूल. पुढे ‘तू रुसावे’, ‘तू हसावे’. हा भावे प्रयोग, त्यात क्रियापद कर्त्याच्या लिंगाकडे ढुंकूनही बघत नाही. कळी आणि पाकळी स्त्रीलिंगी खऱ्या, पण त्या उपमेपुरत्या. मराठीत भूतकाळात बोलायला लागलं की लिंग लपवणं महाकठीण. ‘गेला’, ‘गेली’, ‘गेलं’ यांपैकी एक निवडावंच लागतं. अनिलांनी हे मुद्दाम केलं की चालीच्या ओघात झालं, हे सांगायला मी त्यांच्या टेबलाशी नव्हतो. पण परिणाम पक्का आहे. मिटलेले ओठ आहेत, अबोला आहे, समजूत पटत नाही. का, ते सांगितलेलं नाही. त्या रिकाम्या ‘का’मध्ये कुणी भांडण ठेवलं, कुणी मृत्यू. कुमार गंधर्वांनी ते गायलं तेव्हा तर सुरांनीही उत्तर दिलं नाही.

कवितेत मी कोण हे लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘तुका म्हणे’ आलं की सही झाली, तरी अभंग वाचताना तळमळ आपलीच वाटते. म्हणजे नाव आल्यानं कविता बंद होत नाही. ती बंद होते ती नातं आणि निमित्त दोन्ही समजावून सांगितल्यानं. नागपूरच्याच ग्रेसांच्या ‘ती गेली तेव्हा’मध्ये ‘गेली’ हे लिंग उघड आहे, पुढे ‘ती आई होती’ हे नातंही उघड आहे, पण ती का गेली, हे शब्द सांगत नाहीत. ऐकणारे वर्षानुवर्षं वाद घालतात. अनिलांनी लिंग झाकलं, ग्रेसांनी निमित्त. दोघांनी पाऊस किंवा ओठ मात्र झाकले नाहीत.

हे मला समजायला स्वतःची एक कविता फसावी लागली. आजी गेल्यावर मी लिहिलं होतं:

आजी, तू गेलीस आणि कूलरमध्ये
पाणी टाकणारं घरात कोणी उरलं नाही,
किती एकटं वाटतं मला.

नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या बैठकीत वाचली. लोक म्हणाले, ‘छान’, आणि एकानं विचारलं, ‘आजी कधी गेल्या?’ तिथंच कळलं की त्यांनी माझं सांत्वन केलं, स्वतःचं काही आठवलं नाही. घरी येऊन ‘आजी’ काढली, ‘एकटं वाटतं’ काढलं. उरलं ते असं:

टाकी कोरडी.
कूलर फिरतो आहे,
वाळ्याला अजून वास आहे.

पुढच्या महिन्यात वाचली तेव्हा एक काका चुळबुळ करत म्हणाले, ‘आमचा पोरगा पुण्याला गेला ना, तेव्हापासून आमच्याकडेही अशीच राहते टाकी.’ पोरगा जिवंत आहे, धडधाकट आहे, दर रविवारी फोन करतो. मला आनंद झाला आणि जरासा रागही आला, खरं सांगायचं तर. आजी तर माझी होती!

मध्ये एक खर्डा आणखी झाला होता, त्याबद्दल सांगायलाच हवं. ‘कोणीतरी गेलं, काहीतरी कोरडं झालं.’ हा सगळ्यांना खुला होता आणि त्यात कुणीच शिरलं नाही. बसायला जागाच नव्हती ना. वाळा काढला की नागपूरचा उन्हाळा जातो, दुपारची अंधारी खोली जाते, ओल्या गवताचा वास जातो. ज्याच्या घरी वाळा नाही, त्यालाही कुठल्याशा वासाची आठवण यायला हा वाळाच लागतो.

आता कुणी विचारलंच की ही कविता कुणावर आहे, तर मी सांगत नाही. अनिलांच्या गाण्याची गोष्ट सांगणाऱ्यालाही मी हल्ली लगेच दुरुस्त करत नाही. आधी गाणं संपू देतो.