फॉलिक ॲसिडची गोळी मुंबईतून सुरू झाली, पण तिची वेळ कळायला साठ वर्षं गेली

परवा सिडकोतल्या मामेबहिणीकडे गेले होते. तिसरा महिना लागलाय तिला. फ्रिजवर गोळ्यांची स्ट्रिप ठेवलेली होती, मी विचारलं कधीपासून घेतेस, तर म्हणाली, "अगं ताई, टेस्ट पॉझिटिव्ह आली, मग डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा दिली ना त्यांनी." आपल्याकडे बहुतेकींचं असंच होतं, आणि यात तिची काही चूक नाही कारण आधी कोणी सांगितलेलंच नसतं. पण या गोळीचा इतिहास बघितला ना, तर सगळा मुद्दा त्या "तेव्हा"पाशीच येऊन थांबतो.

सुरुवात झाली आपल्या मुंबईत. 1928 च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर तिथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक वेगळाच ॲनिमिया होत होता आणि तो का होतो हे त्यांना शोधायचं होतं. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. विल्सबाईंनी त्या बायका काय खातात ते बघितलं, तसंच निकृष्ट खाणं माकडांना देऊन बघितलं तर माकडांनाही ॲनिमिया झाला, आणि शेवटी स्वस्तातलं यीस्टचं अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर फरक पडला. 1931 मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. नंतर 1945 च्या आसपास तो प्रयोगशाळेत बनवता आला, आणि ते ज्या टीमने केलं तिचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

म्हणजे तोपर्यंत ही रक्त वाढवायची गोळी होती, बास. बाळाच्या मणक्याशी तिचा संबंध असेल असं इंग्लंडच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी 1965 मध्ये मांडलं, पण पक्का पुरावा यायला 1991 उजाडलं. आधीचं बाळ मेंदू किंवा मणक्याच्या दोषाचं झालेल्या बायकांना पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम गोळी दिली, तर तोच दोष पुन्हा यायचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. पुढच्याच वर्षी हंगेरीत, असं आधी काहीही न झालेल्या बायकांमध्येही फायदा दिसला, तिथे डोस होता 0.8 मिलिग्रॅम, तोही इतर व्हिटॅमिन्ससोबत. आणि 1999 मध्ये चीनमधल्या अभ्यासात रोज फक्त 400 मायक्रोग्रॅमनेही काम होतं हे दिसलं.

आता "आधीपासून" का, ते बहिणीलाच कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. समजा शेवटची पाळी 1 जूनला आली. गर्भ राहणार साधारण 15 जूनला. पाळी चुकली हे कळणार 29 ला, आठवडा वाट बघून 6 जुलैला घरी टेस्ट, डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळून गोळी सुरू व्हायला 18 जुलै. आणि बाळाच्या पाठीतली नळी, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू होतात, ती गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बंद होते, म्हणजे 13 जुलैला काम संपलेलं. गोळी पाच दिवस उशिरा आली. शिवाय गोळी घेतली की लगेच शरीरात साठा होत नाही, तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांच्यातली पातळी हळूहळू वाढते, म्हणून निदान एक महिना, जमलं तर तीन महिने आधी सुरू करायची आणि गरोदरपणाचे पहिले 12 आठवडे चालू ठेवायची. उशीर झाला असेल तरी कळल्या दिवसापासून घ्यायचीच. बाळाच्या पाठीचं काय ते पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत नीट बघतात.

बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "आपल्या नाशिकात मेथी-पालकाला काय तोटा, मुंबईची भाजीपण इथूनच जाते." खरंय, पण भाजी चिरून, धुऊन, शिजवून यातला बराच भाग पाण्यात आणि उष्णतेत जातो, म्हणून भाजी खायची आणि गोळीही घ्यायची.

स्ट्रिपवरचा आकडा मात्र वाचा. नेहमीचा डोस 400 मायक्रोग्रॅम, पण मेडिकलमध्ये 5 मिलिग्रॅमची गोळीही सर्रास मिळते, ती म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, साडेबारा पट. आधीचं बाळ असं झालेलं, डायबेटिस, फिटची औषधं चालू, अशा बायकांना डॉक्टर मोठा डोस देतात, बाकीच्यांनी मनानेच घेऊ नये. त्यात आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नेहमीचं, आणि मोठ्या डोसने ॲनिमिया सुधारलेला दिसतो पण बी-12 च्या कमतरतेने नसांना होणारा त्रास आत चालूच राहतो. हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी बी-12 तपासून घ्यायचं, मग डोस ठरवायचा. बहिणीच्या स्ट्रिपवर 5 होतं, तिला आधीचं काही नव्हतं, म्हणून तिने पुढच्या व्हिजिटला विचारायचं म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.